बालसुधारगृहातील क्षेत्रकार्य लांबल्यामुळे प्रबंधास मुदतवाढ मागणारा ईमेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा ईमेल मार्गदर्शकांना नेमका कधी पाठवावा?

मूळ वेळापत्रक आता पाळता येणार नाही, हे आकडेमोड करून लक्षात आले की त्याच आठवड्यात पाठवावा. पुष्कळ विद्यार्थी परवानगीचे पत्र हाती येईपर्यंत थांबतात, मग पहिल्या काही मुलाखती होईपर्यंत थांबतात आणि शेवटी सादरीकरणाला पंधरा दिवस उरले असताना लिहितात. तोपर्यंत मार्गदर्शकांच्या हातात फारसे काही राहिलेले नसते, कारण मुदतवाढीचा अर्ज बहुतेक ठिकाणी विभागप्रमुखांकडे किंवा संशोधन समितीकडे जातो आणि समितीच्या बैठका रोज भरत नाहीत. प्रवेशाची परवानगी अजून मिळालेली नसली, तरी ती ठरल्या दिवशी न आल्याची माहिती देणारे चार ओळींचे पत्र त्याच वेळी पाठवून ठेवावे. पुढे मुदतवाढ मागताना त्या पत्राचा आधार होतो.

‘क्षेत्रकार्यास विलंब झाला’ एवढे कारण पुरेसे का ठरत नाही?

कारण त्यातून विलंब कुठे झाला आणि तो संपला आहे की अजून चालू आहे, हे कळत नाही. मार्गदर्शकांना या दोनच गोष्टी ठाऊक हव्या असतात. त्यावरच मागितलेली तारीख खरी ठरेल की नाही, हे त्यांना ठरवायचे असते.

बंदिस्त संस्थेतील मुलांवरच्या संशोधनात परवानग्यांचे टप्पे एकामागून एक येतात. आधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. अल्पवयीन असणे आणि कोठडीत असणे अशा दोन्ही कारणांनी ही मुले नकार देण्याच्या बाबतीत दुबळी ठरतात, म्हणून समिती असे प्रस्ताव सहसा पूर्ण बैठकीत तपासते आणि दुरुस्त्या सुचवून परत पाठवते. ती मान्यता हाती आल्याशिवाय संस्था चालवणारे शासकीय खाते अर्ज विचारात घेत नाही. खात्याची परवानगी आली तरी प्रत्यक्ष दिवस आणि वेळ संस्थेचे अधीक्षक ठरवतात. त्यानंतर पालकांची संमती घ्यावी लागते आणि सर्वांत शेवटी मुलाचा स्वतःचा होकार. पालक दुसऱ्या गावी राहत असतील, त्यांचा पत्ता लागत नसेल किंवा भेटीच्या दिवशीच ते येत असतील, तर हा एकच टप्पा कित्येक आठवडे खातो. काही ठिकाणी पालकांच्या जागी अधीक्षकांनी संमती द्यावी असे सुचवले जाते. परंतु ज्यांच्या ताब्यात मूल आहे त्यांनीच त्याच्या वतीने होकार देणे नैतिकता समितीला बहुधा मान्य होत नाही आणि स्वतंत्र व्यक्ती नेमण्यात पुन्हा वेळ जातो.

ईमेलमध्ये ही सारी साखळी सांगत बसू नये, मार्गदर्शकांना ती माहीत असते. आपला विलंब तिच्यातल्या कोणत्या कडीत झाला तेवढे सांगावे: अर्ज कोणत्या तारखेला दिला, उत्तर कोणत्या तारखेला अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात कधी आले. एका वाक्यातील या तीन तारखांनी जे काम होते, ते ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ या शब्दांनी कधीच होत नाही.

परवानगी तीन महिने उशिरा आली, मग मुदतही तीन महिन्यांचीच लागते का? विलंब त्याहून मोठा का भरतो?

या विषयाचे हे खास वैशिष्ट्य आहे आणि बरेच विद्यार्थी ते ईमेलमध्ये मांडायलाच विसरतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील अनुच्छेद ३७ प्रमाणे मुलाला ताब्यात ठेवणे हा शेवटचा उपाय असावा आणि तोही शक्य तितक्या कमी काळासाठी. व्यवस्था या तत्त्वाप्रमाणे चालत असेल तर मुले संस्थेत फार काळ राहणार नाहीत. चौकशी किंवा सुनावणी चालू असताना ठेवलेली मुले तर कधी काही दिवसांतच घरी जातात. आपण प्राथमिक भेटीत ज्यांच्याशी बोललो, ज्यांच्या पालकांची संमती मिळवली, त्यांतली अनेक मुले परवानगीचे पत्र येईपर्यंत तिथे नसतात. काही जण अठरा वर्षांचे होऊन दुसऱ्या संस्थेत जातात आणि मग ती परवानगी त्यांना लागूच होत नाही.

दुसरीकडे शाळा किंवा गाव यांसारख्या ठिकाणी क्षेत्रकार्य लांबले, तर माणसे बहुधा तीच राहतात आणि काम तेवढेच पुढे सरकते. इथे नव्या मुलांसाठी संमतीची प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते. म्हणून ईमेलमध्ये एक वाक्य आवर्जून असावे: आधी होकार दिलेल्यांपैकी किती मुले आता संस्थेत नाहीत आणि त्यामुळे संमतीचे काम कितपत पुन्हा करावे लागत आहे. सुटून गेलेल्या मुलांना घरी जाऊन भेटावे का, असा विचार मनात येतो. पण मूळ मान्यतेत घरभेटींचा उल्लेख नसेल तर तसे करता येत नाही. शिवाय मूल कोठडीत होते हे शेजारपाजारच्यांना कळण्याचा धोका त्यात असतोच.

किती दिवसांची मुदत मागावी?

शेवटून मागे येत तारीख काढावी. ‘साधारण दोन-तीन महिने’ अशी मागणी केली की मार्गदर्शक स्वतः हिशेब करतात आणि तो आपल्या सोयीचा निघेलच असे नाही. पुढे एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

एका विद्यार्थिनीला एका संस्थेतील सोळा-सतरा वर्षांच्या १४ मुलांच्या आणि ६ कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. प्रबंध ३० जूनला द्यायचा आहे. जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोन महिने क्षेत्रकार्यासाठी ठेवले होते. खात्याकडे अर्ज १० नोव्हेंबरला गेला, डिसेंबरअखेर उत्तर अपेक्षित होते, पत्र १६ मार्चला आले. २० एप्रिलपर्यंत ४ मुलांच्या आणि ३ कर्मचाऱ्यांच्या मुलाखती झाल्या आहेत. म्हणजे १० मुले आणि ३ कर्मचारी बाकी आहेत.

संस्थेने आठवड्यातून दोन दिवस दिले आहेत. कागदावर एका दिवसात दोन मुलाखती बसतात. प्रत्यक्षात कोणाची न्यायालयाची तारीख असते, कोणाचा वर्ग असतो, कोणाला भेटायला घरचे आलेले असतात आणि स्वतंत्र खोली एकच असते. तेव्हा एका भेटीत मुलाची एक मुलाखत धरावी आणि कर्मचाऱ्यांच्या मुलाखती त्याच दिवशी उरलेल्या वेळात बसवाव्यात. १० मुलाखतींना पाच आठवडे लागतील, म्हणजे २७ एप्रिलच्या आठवड्यापासून मोजता २९ मेपर्यंत. अनेक संस्था ध्वनिमुद्रक आत नेऊ देत नाहीत. तशी स्थिती असेल तर हाताने घेतलेल्या टिपणांवरून त्याच दिवशी मुलाखत लिहून काढावी लागते, नाहीतर मुलाचे शब्द हरवून आपलेच शब्द उरतात. ध्वनिमुद्रण करता येत असेल तरी तासाभराचे बोलणे शब्दांकित करायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. हे काम मुलाखतींबरोबरच चालेल, पण शेवटच्या मुलाखतींसाठी आणखी दोन आठवडे धरू, म्हणजे १२ जून. विश्लेषणाला पाच आठवडे, १७ जुलै. निष्कर्षाची दोन प्रकरणे लिहायला चार आठवडे, १४ ऑगस्ट. मार्गदर्शकांचे वाचन आणि त्यावरील दुरुस्त्या यांना दोन आठवडे, २८ ऑगस्ट. म्हणून मागणी ३१ ऑगस्टची.

या हिशेबात मार्गदर्शकांच्या वाचनासाठी वेळ ठेवलेला आहे, तो विसरू नये. तो न ठेवता मुदत मागणे म्हणजे आपला उशीर त्यांच्या माथी मारणे होय.

प्रत्यक्ष ईमेल कसा असावा?

वरचेच उदाहरण घेऊन मसुदा असा होईल:

> विषय: प्रबंध सादर करण्यास ३१ ऑगस्टपर्यंत मुदतवाढ मिळण्याबाबत
>
> आदरणीय मॅडम,
>
> प्रबंध सादर करण्याची मुदत ३० जूनऐवजी ३१ ऑगस्टपर्यंत वाढवून मिळावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.
>
> संस्थेत प्रवेशाच्या परवानगीसाठी खात्याकडे १० नोव्हेंबरला अर्ज केला होता. डिसेंबरअखेर अपेक्षित असलेली परवानगी १६ मार्चला मिळाली. प्राथमिक भेटीत ज्या मुलांनी सहभागाची तयारी दाखवली होती, त्यांतील निम्म्याहून अधिक मुले दरम्यानच्या काळात संस्थेतून गेली. त्यामुळे नव्या मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि मुलाचा होकार ही प्रक्रिया पुन्हा करावी लागत आहे.
>
> आजपर्यंत १४ पैकी ४ मुलांच्या आणि ६ पैकी ३ कर्मचाऱ्यांच्या मुलाखती पूर्ण झाल्या आहेत. संदर्भसाहित्याचा आढावा आणि संशोधनपद्धती ही दोन्ही प्रकरणे लिहून झाली असून ती सोबत पाठवीत आहे. उरलेल्या मुलाखती २९ मेपर्यंत, शब्दांकन १२ जूनपर्यंत, विश्लेषण १७ जुलैपर्यंत आणि उर्वरित प्रकरणांचा कच्चा मसुदा १४ ऑगस्टपर्यंत पूर्ण करून आपल्याकडे वाचनासाठी देईन. २९ मेपर्यंत मुलांच्या १४ मुलाखती होऊ शकल्या नाहीत, तर तेथेच थांबून उपलब्ध माहितीवर विश्लेषण सुरू करीन आणि नमुना का घटला याचा उल्लेख संशोधनपद्धतीच्या प्रकरणात करीन.
>
> आणखी एक विनंती आहे. खात्याची परवानगी १५ मेपर्यंतच आहे. ती २९ मेपर्यंत वाढवून मिळावी यासाठीच्या अर्जावर आपली शिफारस आवश्यक आहे. अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे.
>
> याविषयी बोलण्यासाठी आपण सांगाल त्या वेळी भेटायला येईन.
>
> आपली विद्यार्थिनी,
> (नाव, नोंदणी क्रमांक)

विनंती पहिल्याच वाक्यात आहे. ईमेलच्या सुरुवातीला चौकशी, दिलगिरी आणि पार्श्वभूमी यांचे तीन परिच्छेद लिहून मागणी तळाशी ठेवली, तर मोबाइलवर घाईत वाचणाऱ्या माणसाला ती दिसतच नाही. नमुना अपुरा राहिल्यास थांबण्याची तारीख देणारे वाक्य माझ्या मते साऱ्या पत्रातले सर्वांत वजनदार वाक्य आहे, कारण दोन महिन्यांनी पुन्हा मुदतवाढ मागितली जाईल ही मार्गदर्शकांच्या मनातली शंका ते न विचारताच दूर करते.

विलंब खरोखर संस्थेमुळे झाला असेल तर तसे स्पष्ट लिहावे का?

घटना लिहावी, शेरा लिहू नये. ‘परवानगी १६ मार्चला मिळाली’ ही घटना झाली; ‘खात्याच्या अनास्थेमुळे’ हा शेरा झाला. हा ईमेल बहुधा मुदतवाढीच्या अर्जाला जोडला जातो आणि पुढे परवानगी वाढवून घेताना त्याची प्रत त्याच खात्यापर्यंत पोहोचू शकते. शिवाय संस्थेत मारामारी, साथीचा आजार किंवा तपासणी यांमुळे बाहेरच्यांना प्रवेश बंद झाला असेल, तर ‘संस्थेत या काळात बाहेरील व्यक्तींना प्रवेश नव्हता’ एवढेच पुरते. आत काय घडले ते तिथे मिळालेल्या विश्वासातून कळलेले असते आणि विलंबाचे कारण म्हणून ते उघड करण्याचा अधिकार आपल्याला नसतो.

मुलांविषयी ईमेलमध्ये काय लिहू नये?

मुलाची ओळख पटेल असे काहीही लिहू नये, आणि नाव गाळले म्हणजे ओळख झाकली असे समजू नये. ‘खुनाच्या प्रकरणातील सतरा वर्षांचा मुलगा गेल्या मंगळवारी सुटल्यामुळे मुलाखत झाली नाही’ या वाक्यात नाव नाही. तरीही त्या संस्थेत वयाचा, आरोपाचा आणि सुटकेच्या दिवसाचा असा मेळ बसणारा मुलगा एकच असेल. किशोर न्यायाच्या प्रशासनासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये स्वीकारलेल्या बीजिंग नियमांतील आठवा नियम मुलाच्या खासगीपणाचा आदर प्रत्येक टप्प्यावर करायला सांगतो आणि ओळख पटू शकेल अशी कोणतीही माहिती प्रसिद्ध करण्यास मनाई करतो. ईमेल म्हणजे प्रसिद्धी नव्हे हे खरे, पण तो पुढे धाडला जातो, छापून फायलीत लागतो आणि वर्षानुवर्षे खात्यात पडून राहतो. म्हणून संख्या लिहाव्यात, व्यक्ती लिहू नयेत. ‘होकार दिलेली काही मुले संस्थेतून गेली’ एवढ्याने मागणीला पुरेसे बळ मिळते. संस्थेचे नाव मार्गदर्शकांना माहीत असतेच, त्यामुळे विषयाच्या ओळीत तर ते कधीच घालू नये.

सोबत कोणती कागदपत्रे जोडावीत?

परवानगीचे पत्र, नवे वेळापत्रक आणि लिहून झालेली प्रकरणे. कोरे संमतीपत्र मागितल्यास जोडावे. भरलेली, सहीची संमतीपत्रे पुरावा म्हणून जोडण्याची चूक काही जण करतात. त्यांवर मुलाचे आणि पालकांचे नाव असते, त्यामुळे ती कधीही पाठवू नयेत.

नैतिकता समितीची मान्यता आणि खात्याची परवानगी आपोआप वाढते का?

नाही, आणि अनेकांची गाडी इथेच अडते. प्रबंधाची मुदत वाढवणे, नैतिकता समितीची मान्यता वाढवणे आणि संस्थेत प्रवेशाची परवानगी वाढवणे हे तीन वेगळे निर्णय असतात, ते तीन वेगळी माणसे घेतात. विभागाने ३१ ऑगस्टपर्यंत मुदत दिली, पण खात्याचे पत्र १५ मेला संपते हे कोणी पाहिलेच नाही, तर १५ मेनंतर घेतलेली प्रत्येक मुलाखत विनापरवानगी ठरते आणि ती प्रबंधात वापरता येत नाही. त्यामुळे ईमेल लिहिण्यापूर्वी तिन्ही कागदांवरच्या अंतिम तारखा एका ओळीत लिहून पाहाव्यात. क्षेत्रकार्याचा शेवटचा दिवस यांपैकी सर्वांत आधी संपणाऱ्या तारखेच्या पुढे जात असेल, तर ती परवानगी वाढवण्याचा अर्ज मुदतवाढीच्या ईमेलबरोबरच गेला पाहिजे.

मार्गदर्शक म्हणाल्या की मुदत वाढवण्याऐवजी अभ्यासाचा आराखडाच बदला. अशा वेळी काय करावे?

हा सल्ला पुष्कळदा योग्य असतो. मुलांच्या मुलाखती कमी करून कर्मचारी, परिवीक्षा अधिकारी आणि वकील यांच्या मुलाखती वाढवता येतात. लहानपणी अशा संस्थेत राहिलेल्या आणि आता सज्ञान असलेल्या व्यक्तींशी बोलता येते. मात्र दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली अशी की नवा सहभागी गट किंवा नवे ठिकाण जोडायचे असेल तर नैतिकता समितीकडे दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो आणि तो मान्य होईपर्यंत एकही मुलाखत घेता येत नाही. त्यामुळे वाचेल असे वाटणारा वेळ तिथेच जाऊ शकतो. दुसरी गोष्ट संशोधनप्रश्नाची आहे. संस्थेतील दिवस मुलाला कसा वाटतो हा प्रश्न असेल, तर अधीक्षकांच्या मुलाखतींनी त्याचे उत्तर मिळत नाही, मिळते ते संस्था दिवस कसा आखते याचे उत्तर. आराखडा बदलायचा तर प्रश्नही त्याप्रमाणे बदलून घ्यावा लागतो. जुना प्रश्न तसाच ठेवून नवी माहिती त्याखाली बसवली, की तोंडी परीक्षेत परीक्षक पहिले बोट तिथेच ठेवतात.

मार्गदर्शकांना उत्तर देताना दोन्ही पर्यायांच्या तारखा शेजारी मांडाव्यात: आहे त्या आराखड्याने ३१ ऑगस्ट, दुरुस्तीच्या मान्यतेला समितीचा नेहमीचा काळ धरून बदललेल्या आराखड्याने अमुक तारीख. निर्णय मग वेळेपेक्षा अभ्यासाच्या गुणवत्तेवर घेता येतो.

घाई करून उरलेल्या मुलाखती दोन आठवड्यांत उरकता येणार नाहीत का?

अधीक्षकांनी एकाच दिवशी पाच-सहा मुलांना ओळीने बसवून दिले तर संख्या भरेल. पण कोणी पाठवले म्हणून आलेल्या मुलाचा होकार स्वेच्छेचा आहे की नाही, हे सांगणे कठीण असते. उत्तरे एक-दोन शब्दांची येऊ लागली, सगळी मुले संस्थेची त्याच शब्दांत स्तुती करू लागली किंवा मूल बोलता बोलता दाराकडे पाहू लागले, तर ती मुलाखत संख्येत धरू नये. आधी एक ओळखीची भेट आणि मग मुलाखत असा क्रम आराखड्यात असेल, तर तोच ईमेलमध्ये मुदतीचे कारण म्हणून सांगावा. मार्गदर्शकांना ते पटते.

ईमेलचे उत्तर आलेच नाही तर?

पाच-सहा कामाच्या दिवसांनी त्याच ईमेलला जोडून दोन ओळींची आठवण पाठवावी आणि तीत विभागाकडे अर्ज देण्याची अंतिम तारीख लिहावी. तरीही उत्तर आले नाही तर प्रत्यक्ष भेटावे. मार्गदर्शकांच्या तोंडी होकारानंतर त्याच दिवशी ‘आज झालेल्या चर्चेप्रमाणे ३१ ऑगस्ट ही तारीख धरून पुढील काम करीत आहे’ असे लेखी कळवावे, कारण विभागाच्या दप्तरात तोंडी होकाराची नोंद होत नाही. उत्तराची वाट पाहत असताना क्षेत्रकार्य थांबवण्याचे कारण नसते. चालू परवानगीच्या तारखेपर्यंत ठरलेल्या भेटी चालू ठेवाव्यात आणि प्रत्येक आठवड्याच्या शेवटी पूर्ण झालेल्या मुलाखतींची संख्या वेळापत्रकात भरत जावी.